शाळेची बस, खासगी व्हॅन आणि रिक्षा : एका शैक्षणिक वर्षाच्या नोंदवहीवरून

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या आनंदनगर भागात आमची सोसायटी आहे आणि मुलांची शाळा नदीपलीकडे कर्वेनगरात आहे. राजाराम पुलावरून गेल्यास हे अंतर एका बाजूने ४.६ किलोमीटर भरते. जून २०२४ मध्ये आमच्या सोसायटीतील तीन मुले एकाच शाळेच्या एकाच वर्गात, म्हणजे तिसरीत, गेली आणि तिघांची जाण्यायेण्याची व्यवस्था मात्र तीन तऱ्हांची होती. एक मुलगी शाळेने ठेका दिलेल्या बसने जाई, एक मुलगा पालकांनी मिळून ठरवलेल्या खासगी व्हॅनने जाई आणि माझी मुलगी रिक्षाने जाई. त्या वर्षी मी शाळेच्या परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी होते. महाराष्ट्रात स्कूल बसविषयीचे नियम २०११ पासून लागू आहेत आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती असावी, असे त्यांत सांगितलेले आहे. समितीच्या बैठकांमध्ये दर वेळी ‘बस महाग पडते’ आणि ‘रिक्षा धोक्याची आहे’ ही दोनच वाक्ये फिरत राहत, म्हणून तिन्ही घरांच्या संमतीने मी एक वही घातली. निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, वाहन न आल्याचे दिवस, त्या दिवशी झालेला खर्च आणि मुलाला कोणी कोणाच्या हाती दिले, एवढ्याच गोष्टी तीत लिहिल्या जात. शाळा २०६ दिवस भरली. घर, शाळा, रस्ता, पाऊस आणि वर्ग तिघांनाही समान असल्यामुळे फरक राहिला तो वाहनाचाच.

पैशांचा हिशेब आधी मांडते, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. बसची वर्षाची फी २२,००० रुपये होती आणि ती जून व नोव्हेंबर अशा दोन हप्त्यांत भरायची होती. वर्षाच्या मध्यात बस सोडली, तर भरलेला हप्ता परत मिळत नव्हता. व्हॅनचे महिन्याला १,७०० रुपये होते. दहा महिन्यांचे पूर्ण आणि मे महिन्याचे निम्मे, अशी आमच्या भागातली पद्धत असल्यामुळे व्हॅनचे वर्षाचे १७,८५० रुपये झाले. रिक्षाचे महिन्याला १,३०० रुपये असे दहा महिने आणि दिवाळीला ५०० रुपये, म्हणजे एकूण १३,५०० रुपये झाले. यात वाहन न आल्याच्या दिवसांचा खर्च मिळवावा लागतो. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये असा दर होता; त्याप्रमाणे आमच्या अंतराला मीटरने ७८ रुपये, दोन्ही वेळचे मिळून १५६ रुपये पडतात. बस सबंध वर्षात दीडच दिवस आली नाही, व्हॅन ११ दिवस आली नाही, आणि रिक्षा ९ दिवस आली नाही, पण त्यांपैकी सहा दिवस रिक्षाकाकांनी बदली रिक्षा पाठवली. हे सगळे जमेस धरल्यावर बसचा खर्च २२,२३४, व्हॅनचा १९,५६६ आणि रिक्षाचा १३,९६८ रुपये झाला. बस आणि रिक्षा यांतला फरक दिवसाला सुमारे ४० रुपयांचा आणि बस व व्हॅन यांतला फरक अवघा १३ रुपयांचा निघाला. व्हॅन ही बसपेक्षा बरीच स्वस्त पडते, असा आमच्या सोसायटीत सर्वांचाच समज होता. न आलेल्या अकरा दिवसांनी तो मोडला.

दिवसाला हे चाळीस रुपये वाचतात ते नेमके कशातून, हे तपासताना या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाती आली. रिक्षाची मागची बैठक तिघांची असते आणि परवानाही तीन प्रवाशांचाच असतो. आमच्या रिक्षात सहा मुले बसत. तिघे बैठकीवर, दोघे चालकाच्या सीटमागे स्क्रूने बसवलेल्या लाकडी फळीवर पाठ करून, आणि सहावा, बहुधा उंचीने मोठा असलेला मुलगा, चालकाच्या शेजारी. दप्तरे डाव्या बाजूच्या आकड्यांना बाहेरून लटकवलेली असत. सहा मुलांचे मिळून रिक्षाकाकांना महिन्याला ७,८०० रुपये मिळत. तीनच मुले घ्यायची ठरवली तर किती घ्याल, असे मी त्यांना डिसेंबरमध्ये विचारले. त्यांनी थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाले, “ताई, तीन मुलं असतील तर मला एकेकाचे तेवीसशे लागतील. सकाळी तुमच्याकडून भरून जातो, पण येताना रिकामाच येतो. दुपारी शाळेच्या दारात वीस मिनिटं उभं राहायचं, आणि सीएनजीच्या रांगेत पाऊण तास जातो तो वेगळाच.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कागदावर पाहिले तर मीटरचे १५६ रुपये तिघांत वाटल्यास प्रत्येकाला दिवसाचे ५२ रुपयेच येतात आणि ते सर्वांत स्वस्त दिसते. परंतु धंद्याच्या ऐन वेळी रोज ठरलेल्या मिनिटाला दारात उभे राहायचे, एक बाजू रिकामी यायचे आणि तीन घरांची मुले गोळा करायची, हे काम मीटरच्या दराने कोणीही दहा महिने बांधून घेणार नाही. तेवीसशेप्रमाणे वर्षाचे २३,००० रुपये होतात, म्हणजे बसच्या फीपेक्षा हजार रुपये जास्तच. व्हॅनचेही तसेच निघाले. चालकासह सात जणांची नोंद असलेल्या त्या व्हॅनमध्ये अकरा मुले बसत आणि चालकाला महिन्याला १८,७०० रुपये मिळत. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा द्यायचा म्हटले, तर सहाच मुले बसतात आणि तेवढीच मिळकत राखायची झाल्यास प्रत्येकी ३,१०० रुपयांच्या पुढे जावे लागते. म्हणजे मुलांना नीट बसवून नेले, तर तिन्हींत बसच सर्वांत स्वस्त ठरते. रिक्षा आणि व्हॅन स्वस्त दिसतात, कारण चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मुलाने पहिल्या तिघांचे भाडे उचललेले असते, आणि माझी मुलगी यांपैकी कितवी आहे, हे त्या दिवशी ती कुठे बसली यावर ठरते.

दाटीमुळे काय बिघडते, हे लांबून दिसत नाही, म्हणून जे जवळून पाहिले ते लिहिते. रिक्षाला पुढे एकच चाक असते आणि वळणावर तिचा तोल मागच्या दोन चाकांवर जातो. सहा दप्तरे, प्रत्येकी साधारण चार किलोंची, डाव्या अंगाला लटकलेली असताना उजवीकडे झटकन वळले, तर रिक्षा डाव्या बाजूला कलते. राजाराम पुलाच्या चौकात मी दुचाकीवरून मागे होते तेव्हा हे कलणे मला डोळ्यांनी दिसले. त्याच दिवशी एका पाण्याच्या बाटलीचा पट्टा दप्तरातून सुटून मागच्या चाकाजवळ लोंबत होता. सिग्नलला मी तो उचलून आत टाकला. मुलांना त्याचा पत्ताही नव्हता. फळीवर बसलेल्या मुलांची स्थिती याहून वाईट असते. त्यांची पाठ प्रवासाच्या दिशेला असते, धरायला दांडा नसतो, आणि ब्रेक दाबला की मागे चालकाच्या सीटवर आपटायचे, असे त्यांनी सवयीने गृहीत धरलेले असते. माझ्या मुलीने एकदा सहज सांगितले की, फळीवर बसायचे असेल तेव्हा ती दप्तर पाठीला लावूनच बसते, म्हणजे लागत नाही. आठ वर्षांच्या मुलीने स्वतःच शोधलेला हा उपाय ऐकला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

व्हॅनमधली अडचण बंद दाराआड असते. शेजाऱ्यांच्या मुलाची व्हॅन सीएनजीवर चालणारी होती आणि टाकी मागच्या बाजूला, सामान ठेवतात त्या जागी बसवलेली होती. तिच्यावर फळी आणि फळीवर पातळ गादी टाकून चार मुलांची सोय केलेली होती. मुलगा घरी सांगत असे की, त्याला डिकीत बसायला मजा येते. तो ‘डिकी’ का म्हणतो, याचा उलगडा त्याच्या बाबांना फेब्रुवारीत झाला, जेव्हा ते स्वतः मुलाला व्हॅनपर्यंत सोडायला गेले. मागचे दार फक्त बाहेरून उघडत होते. मागून एखादे वाहन धडकले, तर आधी धक्का बसणार तो या चार मुलांना, आणि त्यांना बाहेर पडायला मार्ग नाही. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते आणि चाचणीची तारीख दाखवणारी पट्टी वाहनावर लावलेली असते. गादीखालची फळी उचलून ती पट्टी पाहिली, तर पुढच्या चाचणीची मुदत चार महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. ही तपासणी कोणत्याही पालकाला दोन मिनिटांत करता येते, पण त्यासाठी फळी उचलायला सांगावे लागते, आणि रोज हसतमुखाने मुलाला नेणाऱ्या माणसाला तसे सांगणे अवघड वाटते. शेजाऱ्यांनी ते सांगितले, हे मला मोठे वाटते.

कागदपत्रांची तपासणीही अशीच करावी लागते. तिन्ही वाहनांचे क्रमांक आम्ही जूनमध्ये mParivahan या अ‍ॅपवर टाकून पाहिले होते आणि तिघांचेही फिटनेस व विमा तेव्हा वैध दिसत होते, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. जानेवारीत पुन्हा पाहिले तेव्हा व्हॅनचे फिटनेस सप्टेंबरमध्येच संपलेले आढळले. प्रवासी वाहतुकीच्या वाहनाचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दर वर्षी करून घ्यावे लागते. ही व्हॅन अकरा वर्षांची होती, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या मध्येच कधीतरी मुदत संपणार हे ठरलेलेच होते. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून कागदपत्रेही जून ते एप्रिल चालतील, असे आम्ही नकळत धरून बसलो होतो. नंबरपाटी पिवळी की पांढरी, हेही पाहायला हवे. पांढऱ्या पाटीचे वाहन खासगी वापराचे असते, आणि त्यातून भाड्याने मुले नेली, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीचा पहिला आक्षेप यावरच येतो.

विम्याचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण जादा मुलांचा प्रश्न इथे सर्वांच्याच अंगावर येतो. हिमाचल प्रदेशात ४२ प्रवाशांचा परवाना असलेली आणि ९० प्रवासी भरलेली एक बस दरीत कोसळली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असे ठरवले की, विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच राहील; भरपाईच्या रकमांपैकी सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज कंपनीने भरावी आणि ती सर्व दावेदारांमध्ये प्रमाणात वाटली जावी. उरलेली रक्कम वाहनमालकाकडून वसूल करायची. हेच तत्त्व आमच्या रिक्षाला लावून पाहिले, तर विम्यातून येणारी तिघांची रक्कम सहा घरांत वाटली जाईल आणि राहिलेल्या रकमेसाठी सहाही घरे एका रिक्षाचालकाच्या मागे लागतील, ज्याच्याकडे विकण्यासारखी वस्तू म्हणजे ती रिक्षाच असेल. ‘माझी मुलगी बैठकीवर बसते, फळीवर नाही’ असे म्हणून यातून सुटका होत नाही. दुसऱ्या बाजूला, मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा प्रवाशामागे दंड २०० रुपये आहे. तीन जादा मुलांचे महिन्याला ३,९०० रुपये येत असताना, क्वचित भराव्या लागणाऱ्या सहाशे रुपयांच्या दंडाने ही पद्धत थांबेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

आता बसकडे वळते. बसमध्ये प्रत्येकाला जागा होती, खिडक्यांना आडव्या दांड्या होत्या, वेगनियंत्रक होता आणि सोबत मावशी होत्या. तरीही वहीत बसविषयीच्या तक्रारी संख्येने सर्वांत जास्त आहेत आणि त्या बहुतेक वेळेच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरले. आमच्या शाळेत त्यामुळे मोठ्या मुलांची पहिली फेरी सातची आणि लहानांची दुसरी फेरी नऊची, अशी एकाच बसची दोन फेऱ्यांची मांडणी झाली. पहिली फेरी वीस मिनिटे लांबली की दुसरी पंचवीस मिनिटांनी लांबते, कारण तोपर्यंत कार्यालयांची गर्दी सुरू झालेली असते, आणि त्या वर्षी सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे कामही चालू होते. मुलगी ८ वाजून ५ मिनिटांनी बसमध्ये चढे आणि ८.५० ला शाळेत उतरे, ४.६ किलोमीटरला पंचेचाळीस मिनिटे. रिक्षाला हेच अंतर बावीस आणि व्हॅनला पंचवीस मिनिटे लागत. घंटा झाल्यानंतर पोहोचण्याचे प्रसंग बसचे १४, व्हॅनचे ९ आणि रिक्षाचे ६ नोंदले आहेत. यात एक गोष्ट मात्र बसच्या बाजूने जाते. बस उशिरा आली, तर शाळा मुलांना उशिराचा शेरा देत नसे, कारण बस शाळेचीच. व्हॅनच्या मुलाच्या डायरीत मात्र नऊ शेरे आहेत.

दुपारी घरच्यांची खरी परीक्षा असे. रिक्षा २.५५ ते ३.१५ या वेळात सोसायटीच्या फाटकाच्या आत येई. बस ३.३५ ला यायची, परंतु वर्षभरातली सर्वांत लवकरची नोंद ३.२२ ची आणि सर्वांत उशिराची ४.२५ ची आहे, आणि थांबा होता तीनशे मीटर लांब मुख्य रस्त्यावर. मुलीच्या आजी रोज सव्वातीनला घरातून निघत. हातात घेणारे माणूस थांब्यावर नसेल, तर मावशी मुलाला उतरवत नाहीत आणि बस पुढे जाऊन शेवटी शाळेत परतते, हा नियम चांगलाच आहे; पण आजींच्या रोजच्या पाऊण तासाची किंमत कोणत्याही फीमध्ये दिसत नाही. ज्या घरात दुपारी मोठे माणूस नाही, त्या घराला या एका कारणामुळे बस घेता येत नाही. अशा घरांना ‘सुरक्षिततेपेक्षा पैसा मोठा का’ असे विचारणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बसचा खरा धोका मला ऑगस्टमध्ये दिसला, आणि तो बसच्या आत नव्हता. पुलाच्या कामाचे पत्रे पुढे सरकल्यामुळे बस नेहमीच्या जागेपासून थोडी पुढे, रस्त्याच्या कडेपासून चार-पाच फूट सोडून थांबू लागली. दार डावीकडे उघडते आणि त्या चार-पाच फुटांतून दुचाकीस्वार बसला डावीकडून ओलांडून जात होते. मुलगी शेवटच्या पायरीवर असताना एक दुचाकी तिच्या अगदी पुढून गेली. मावशींचा हात तिच्या दप्तरावर होता म्हणून ती मागे ओढली गेली. मावशी तोपर्यंत आतूनच मुलांना उतरवत असत. परिवहन समितीच्या पुढच्या बैठकीत मी दोनच मागण्या केल्या : बस कडेला अगदी खेटून थांबावी, आणि मावशींनी आधी स्वतः उतरून मागून येणारी वाहने हाताने थांबवावीत, मगच मुलाला उतरू द्यावे. दुसरी मागणी त्याच दिवसापासून अमलात आली. पहिलीसाठी थांबा आमच्या गल्लीच्या तोंडाशी हलवावा लागला आणि त्याला तीन आठवडे गेले, कारण ठेकेदाराच्या म्हणण्याप्रमाणे बस गल्लीत शिरली, तर वळायला जागा नव्हती. अखेर बस गल्लीत न शिरता तोंडाशीच थांबू लागली. बस निवडताना पालक बसचा रंग, कॅमेरा आणि जीपीएस विचारतात; मी आता पहिल्यांदा थांब्यावर उभे राहून दार कुठे उघडते आणि आधी कोण उतरते, हे पाहायला सांगते.

वाहन न येण्याचे दिवस प्रत्येकाचे वेगळ्या कारणांचे होते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने एकतानगरी भागात पूर आला आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली. बसचा निरोप सकाळी लवकर गटावर आला. व्हॅनचालक घरून निघाल्यावर त्यांना सुट्टी कळली. रिक्षाकाकांचा फोन लागत नव्हता. त्यांच्या वस्तीत पाणी शिरले होते आणि रिक्षाच्या इंजिनातही गेले होते. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तीन दिवस ते येऊ शकले नाहीत. एका माणसाच्या एका वाहनावर सगळे अवलंबून असते, तेव्हा त्याच्या घरातले संकट आपल्या दारात येते. बसच्या ठेकेदाराकडे दुसरी बस आणि दुसरा चालक असतो. बसचे न आलेले दीड दिवस मात्र सरकारी कामामुळे गेले. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते आणि मतदान पथकांना पोहोचवण्यासाठी ही बस आदल्या दिवशी ताब्यात घेतली गेली, ती २१ तारखेच्या दुपारी परत आली. व्हॅनचे अकरा दिवस गावचे लग्न, आजारपण आणि फिटनेसची धावपळ यांत गेले आणि त्यांतले सात दिवस तरी आदल्या रात्री दहानंतर कळले.

बदलीच्या सहा दिवसांतला एक दिवस मी विसरू शकत नाही. डिसेंबरमधल्या एका दुपारी रिक्षाकाकांना अचानक दवाखान्यात जावे लागले आणि त्यांनी ओळखीच्या एका चालकाला शाळेत पाठवले, पण आम्हाला कळवायचे राहून गेले. त्या चालकाने फाटकावर मुलीचे घरातले लाडाचे नाव सांगितले, कारण काका तिला त्याच नावाने हाक मारत. शाळेच्या यादीत ते नाव नव्हते. शिपाईमामांनी तिला सोडले नाही आणि मुलगीही जायला तयार नव्हती. बाकीची पाच मुले रिक्षात बसून राहिली आणि मी पोहोचेपर्यंत पंचवीस मिनिटे ती शिपाईमामांच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसून होती. बदली चालक सज्जन होता, त्याची काही चूक नव्हती. चूक आमच्या व्यवस्थेतली होती : रोजचा माणूस इतका विश्वासाचा होता की, तो नसेल त्या दिवशी काय करायचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते. त्या संध्याकाळी सहाही घरांनी ठरवले की, बदली असेल तर दुपारी बारापर्यंत त्या चालकाचा फोटो, लायसन्स आणि रिक्षाचा क्रमांक गटावर यावा आणि तोच फोटो शाळेच्या फाटकावरही जावा. न आल्यास पालकाने स्वतः जावे. पुढच्या चारही बदल्यांना हे पाळले गेले.

या वहीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रत्येक वाहनाचे एकच मूल आणि एकच चालक यात आहे. आमचे रिक्षाकाका वक्तशीर आणि मायाळू होते. दुसऱ्या एखाद्याच्या रिक्षाची वही याच वर्षी अगदी वेगळी दिसली असती. अंतरही कमी आहे. दहा-बारा किलोमीटरवर रिक्षाचा विचार मी मुळीच केला नसता, आणि तिथे बसच्या दोन फेऱ्यांचा घोळ आणखी वाढला असता.

एप्रिलमध्ये तिन्ही घरे वही समोर ठेवून बसली. बसच्या मुलीने बसच ठेवली. व्हॅनच्या मुलाच्या आईबाबांनी व्हॅन सोडली आणि बसमध्ये जागा घेतली; त्यांच्या घरी दुपारी कोणी नसल्यामुळे थांब्यावर मुलाला घेण्याचे काम बसच्या मुलीच्या आजींनी आपणहून स्वीकारले, आणि त्यासाठी शाळेला लेखी परवानगी द्यावी लागली. माझी मुलगी रिक्षातच राहिली, पण तीनच मुलांच्या. आमच्याच इमारतीतली आणखी दोन घरे तेवीसशे रुपयांना तयार झाली आणि मुलांची संख्या, बदलीचा नियम, विमा व फिटनेसच्या तारखा आणि मे महिन्याचे पैसे नाहीत, एवढे एका पानावर लिहून सर्वांनी सह्या केल्या. राहिलेल्या तीन घरांना हा वाढीव दर परवडणारा नव्हता. त्यांतले एक मूल बसमध्ये गेले आणि दोघे दुसऱ्या एका रिक्षात गेले, ज्यात आधीच पाच मुले होती. आमचा प्रश्न सुटला तेव्हा त्या दोघांचा वाढला, हे मला माहीत आहे, आणि या वर्षी परिवहन समितीपुढे मी मांडलेला पहिला विषय हाच आहे : बसची फी दहा समान हप्त्यांत घ्यावी, म्हणजे जूनमध्ये एकदम ११,००० रुपये काढू न शकणाऱ्या घरांनाही बस घेता येईल.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रिक्षाकाकांनी चालकाच्या सीटमागची फळी स्क्रू काढून घरी ठेवली आणि बाहेरचे आकडेही कापून टाकले. फळीच्या जागी आता तीन दप्तरे खाली उभी ठेवलेली असतात.